वही शेजाऱ्याची, पेन्सिल आपली

मित्रहो, वह्यांची अदलाबदल करून तपासायला दिल्या की मुलं गुणांची खिरापत वाटतात, ही आपली सगळ्यांची तक्रार. मीही बरीच वर्षं मानत होतो की हे दोस्तीखात्यात चालतं. म्हणून एकदा दहावीच्या वर्गात विज्ञानाचं एक उत्तर फळ्यावर लिहिलं. ते मीच तयार केलेलं होतं, त्यामुळे तिथं कुणाची दोस्ती आड येणार नव्हती.

प्रश्न पाच गुणांचा होता: लोखंड गंजायला काय लागतं, ते तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगावरून कारणांसह लिहा. उत्तर असं: ‘पहिल्या नळीत साधं पाणी होतं, तिच्यातला खिळा गंजला. दुसऱ्या नळीत उकळलेलं पाणी व वर तेल होतं, म्हणून खिळा गंजला नाही. तिसरीत कॅल्शियम क्लोराइड होतं, म्हणून तोही गंजला नाही. यावरून हवा व पाणी दोन्ही लागतात.’

मुलांनी चिठ्ठ्यांवर गुण लिहून दिले. बहुतेकांनी चार दिले होते, काहींनी पैकीच्या पैकी. माझ्या हिशेबानं ते उत्तर दोन गुणांचं होतं. निरीक्षणाचा एक आणि निष्कर्षाचा एक. पाणी का उकळलं, तेल का ओतलं, कॅल्शियम क्लोराइड काय करतं, या तीन कारणांचे तीन गुण होते आणि त्यांतलं एकही कारण तिथं नव्हतं.

चार गुण देणाऱ्या एका मुलाला विचारलं, तेलाचं कारण कुठं आहे? तो म्हणाला, ‘सर, तेलामुळे हवा पाण्यात विरघळत नाही ना!’ बरोबर आहे. पण ते फळ्यावर नव्हतं, त्याच्या डोक्यात होतं. ज्याला उत्तर येतं तो दुसऱ्याच्या लिखाणातल्या रिकाम्या जागा नकळत स्वतःच भरतो आणि भरलेल्याचे गुण समोरच्याला देतो. गुण फुगण्याचं मोठं कारण मला इथं सापडलं. दोस्ती असतेच, पण ती नंतर येते.

तेव्हापासून वर्गात एकच नियम आहे: ज्या गुणाखाली रेघ नाही, तो गुण नाही. निकष पाचच, आणि तेही फळ्यावर मुलांच्याच शब्दांत. उकळल्यानं पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, हे वाक्य वहीत सापडलं तर पेन्सिलीनं त्याच्याखाली रेघ मारायची, समासात निकषाचा आकडा लिहायचा आणि मगच गुण द्यायचा. ‘छान’, ‘अजून प्रयत्न कर’ असले शेरे बंद. जे नाही तेवढंच समासात लिहायचं.

सुरुवातीला मुलं उलट टोकाला जातात. शब्द पुस्तकातला नसला की गुण कापतात. एकीनं ‘कॅल्शियम क्लोराइड ओल पिऊन टाकतं’ असं लिहिलं होतं, तर शेजारणीनं शून्य दिलं, कारण पुस्तकात ‘बाष्प शोषून घेतं’ आहे. असली उत्तरं मी मुद्दाम वर्गासमोर ठेवतो आणि अर्थ पोचला का यावर वाद घालू देतो. त्या वादातच निकष मुलांच्या अंगवळणी पडतो. यात एक तास जातो, तो वाचवू नका.

पुढे प्रत्येक गठ्ठ्यात मी आधीच तपासलेलं एक निनावी उत्तर सरकवून देतो. त्याला कुणी माझ्यापेक्षा दोन गुण जास्त दिले, तर त्या मुलानं तपासलेल्या बाकीच्या वह्या मी पुन्हा बघतो आणि त्याच्याजवळ बसून रेघा मोजतो. शिवाय हे गुण निकालात धरत नाही. धरले की हात सैल होतोच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रगतिपुस्तकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आणायला सांगितलं आहे. तिथंही मुलांचं मत नोंदवावं, पण बेरजेत धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

रेघेचा नियम निबंधाला मात्र लावू नका. निबंधाचे भाषा, मांडणी, कल्पना असे तुकडे पाडले की मुलं प्रत्येक खणात थोडंथोडं टाकत जातात. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली सहाध्यायी मूल्यमापनाचे ४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, बहुतेक महाविद्यालयीन पातळीवरचे. निकष नीट समजलेले असतील आणि एकूण कामाला मिळून एकच गुण द्यायचा असेल, तेव्हा विद्यार्थ्यांचे गुण शिक्षकांच्या गुणांशी अधिक जुळतात, असं त्यांना आढळलं. निबंधाकडेही असंच अखंड बघणं बरं: दोन नमुने शेजारी ठेवायचे, यातला सरस कोणता आणि कुठल्या परिच्छेदामुळे, एवढंच विचारायचं.

स्वतःची वही सगळ्यांत अवघड, कारण तिथल्या रिकाम्या जागा आपणच सोडलेल्या असतात आणि त्यात काय म्हणायचं होतं ते आपल्याला पाठ असतं. म्हणून मी ती शेवटी देतो. लिहून झाल्यावर वह्या चारपाच दिवस कपाटात राहतात, मधल्या काळात प्रत्येकानं दुसऱ्या दोघांची उत्तरं तपासलेली असतात. गेल्या वर्षी एक मुलगी अशीच आपली वही घेऊन बसली होती. चार रेघा मारल्या आणि पेन्सिल तेलापाशी थांबली. खालचीवरची ओळ दोनदा वाचली, समासात ‘तेल का?’ असं लिहिलं, आणि आधी घातलेला पाचाचा आकडा खोडून चार केला.