20 दिवस कशाचे?

(दृश्य: घडीचं माहितीपत्रक उलगडतं)

कीटकनाशकाच्या डब्याला चिकटून येणारा हा कागद. उलगडला की हातभर होतो, आणि अक्षर असं की भिंग लागावं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शेतकरी गटाच्या पोरांनी तो पाच ओळींत आणला. दोन संध्याकाळी गेल्या. पत्रकात मात्रा हेक्टरी दिली होती: 500 लिटर पाण्यात 500 मिली. पोरांनी हिशेब केला, 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. हिशेब बरोबर होता. पाचही ओळी त्यांना स्पष्ट वाटत होत्या. वाटणारच, मूळ कागद त्यांच्या डोक्यात होता.

(दृश्य: बांधावर बसलेले भाऊ, हातात चिठ्ठी)

या भाऊंनी मूळ पत्रक कधीच वाचलेलं नाही, म्हणूनच त्यांना बोलावलं. "समजलं का?" असं कोणी विचारायचं नाही, हे आधी ठरलं होतं. त्याला उत्तर एकच येतं, "हो". प्रश्न होता, "भाऊ, आता तुम्ही काय काय कराल, ते सांगा." मधे बोलायचं नाही, चुकलं तरी सुधारायचं नाही. भाऊ सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं आणि ताडायचं मूळ पत्रकाशी, आपल्या चिठ्ठीशी नाही.

"एक झाकन टाकाचं पंपात. मंग वीस दिवस थांबाचं, अन् दुसरी फवारनी माराची."

(दृश्य: झाकण, सिरिंज)

चिठ्ठीत झाकण कुठेच नव्हतं. मापाचं भांडं घरात नाही, तेव्हा 15 मिली म्हणजे भाऊंच्या लेखी एक झाकण. सिरिंजने पाणी भरून पाहिलं, झाकण निघालं 25 मिलीचं.

आणि 20 दिवस? पत्रकात होतं, शेवटच्या फवारणीपासून वेचणीपर्यंत. चिठ्ठीत उरलं होतं फक्त "20 दिवस थांबा". कात्री नेमकी तिथे चालली होती.

2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

(दृश्य: पऱ्हाटीत वेचणीच्या बाया)

दुसरी चिठ्ठी भाऊंना दाखवून उपयोग नव्हता, त्यांना आता सगळं माहीत झालं होतं. नवा वाचणारा हवा होता. म्हणून वेचणीला आलेल्या काकू. ओळ आता अशी होती: "शेवटची फवारणी झाल्यावर 20 दिवस कापूस वेचू नका." काकूंनी अर्थ अचूक सांगितला. पोरं खूश. काकूंनी चिठ्ठी परत दिली आणि विचारलं,

"पर फवारनी कवा झाली, हे मले कोन सांगन?"

(दृश्य: चिठ्ठीच्या तळाशी पेनाने आखलेली रेघ: "फवारणीची तारीख")