टोन कंट्रोलचा नॉब शेवटपर्यंत फिरवा, मग बोलू

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वेळ कमी दिलाय, विषय मोठाय, तेव्हा आधी कबूल काय केलंय ते सांगून टाकतो. बास आणि ट्रेबल दोन्ही नॉब दोन्ही टोकांना नेले की कर्व्ह कसे दिसतात, चार टोकं, चार कर्व्ह. पण त्याआधी माझं एक लाडकं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल, त्याला इलाज नाही.

म्हणणं असं की लोक प्रीअँप बनवतात, दोन्ही नॉब मधे ठेवतात, रिस्पॉन्स मोजतात, सरळ रेघ येते आणि खूश होतात. अहो, सरळ रेघ येणारच! बॅक्सँडॉलच्या टोन कंट्रोल सर्किटात गेन म्हणजे फीडबॅकच्या बाजूचा इम्पीडन्स भागिले इनपुटच्या बाजूचा. नॉब मधे असला की दोन्ही बाजू सारख्या, भागाकार एक. कपॅसिटर ४७ नॅनोच्या जागी ४७० नॅनो लावा, दोन्हीकडे सारखाच चुकीचा लावलात की मधे तरीही सरळ रेघ. म्हणजे मधलं माप तुम्हाला फक्त एवढंच सांगतं की चूक दोन्हीकडे सारखी केलीये. (हसताय, पण पहिल्या रांगेत दोघं हसत नाहीयेत, त्यांनी बहुतेक काल रात्रीच मोजलंय.)

पीटर बॅक्सँडॉलने हे सर्किट १९५२ च्या ऑक्टोबरात 'वायरलेस वर्ल्ड'मधे छापलं, तेव्हा व्हॉल्व्हचा जमाना होता, आज ऑप-अँप आहे, नेटवर्क तेच. त्याआधीच्या पॅसिव्ह सर्किटला लॉग पॉट लागायचा आणि मधोमध फ्लॅट मिळेल याची खात्री नसायची, याने सगळं फीडबॅकमधे टाकलं आणि साध्या लिनिअर पॉटवर काम भागलं. यावर तासभर बोलता येईल. नाही बोलत.

आता एक किस्सा. एका ओळखीच्या माणसाने प्रीअँप आणून दिला, तक्रार एकच, ट्रेबल फिरवलं तरी फारसं काही होत नाही. आधी दोन जणांनी बघितलेला. एकाने ट्रेबलचे कपॅसिटर बदलले, दुसऱ्याने ऑप-अँप बदलून महागातला लावला, आणि दोघांनीही बिल लावलं बरं का. कपॅसिटर चांगले, पॉट चांगला, ऑप-अँप तर नवाकोराच. मग मी वायर उलट्या दिशेने बघत गेलो, तर व्हॉल्यूमच्या पॉटचा वायपर थेट टोन कंट्रोलच्या इनपुटला! मधे बफर नाहीच. साधारण ५० के चा पॉट, म्हणजे अधल्यामधल्या जागी सोर्स १० ते १२ के चा होतो. आता हे नेटवर्क ट्रेबल पूर्ण वर नेल्यावर वरच्या फ्रिक्वेन्सीला इनपुटकडून तीन के च्याही खाली दिसतं. दहा के च्या सोर्सवर तेवढा लोड टाकल्यावर उरणार काय? मी कागदावर मांडलं, सोर्स १० के धरला तर मधल्या फ्रिक्वेन्सीचा गेन अर्धा होतो, म्हणजे उणे ६ डीबी, आणि ट्रेबल पूर्ण वर नेऊन शेवटी मिळतात जेमतेम २. म्हणजे मधल्या पट्ट्याच्या वर फक्त ८ डीबी, जिथे २० मिळायला हवेत. माणूस बरोबर सांगत होता, फारसं काही होत नाही. एक ऑप-अँप फॉलोअर म्हणून मधे टाकला, ट्रेबल जागेवर. असला घोळ तुमच्याकडे आहे का हे ओळखायला मीटरसुद्धा नको, व्हॉल्यूमचा नॉब हलवल्यावर ट्रेबलच्या बूस्टचा जोर बदलत असेल तर समजा सोर्सच गडबड आहे. म्हणून म्हणतो टोकाला जा.

किती वेळ राहिला? बरं. भराभर जाऊ.

बास घ्या. दोन्ही टोकांना १० के, मधे १०० के चा पॉट, वायपरपासून दोन्ही टोकांना ४७ नॅनो. पूर्ण बूस्टला एक कपॅसिटर शॉर्ट होतो, दुसरा अख्ख्या पॉटवर पडतो. अगदी खाली फीडबॅकला ११० के, इनपुटला १० के, गेन ११, म्हणजे २०.८ डीबी. तो ३४ हर्ट्झच्या आसपास उतरायला लागतो आणि ३७० हर्ट्झच्या पुढे हळूहळू शून्याकडे जातो, १ किलोहर्ट्झला अजून अर्धा डीबी शिल्लक असतो. पुस्तकात उतार ६ डीबी प्रति ऑक्टेव्ह असं लिहिलेलं असतं, पण ही दोन वळणं एकमेकांच्या फक्त ११ पट अंतरावर आहेत, त्यामुळे उतार पुरता तयारच होत नाही, ११० हर्ट्झजवळ जास्तीत जास्त ५ मिळतो. आणि माझी जुनी तक्रार हीच, पॅनेलवर '२० डीबी बास' छापतात, पण १०० हर्ट्झला खरे मिळतात ११, ५० ला १६. पूर्ण वीस हवेत तर २० हर्ट्झच्याही खाली जा, तिथे कुठला बास ऐकताय?

बरं, तिथे बास नसला तरी दुसरं बरंच काही असतं. शेल्फ खाली संपत नाही. रेकॉर्ड वाकडी असेल तर ३३⅓ च्या वेगाला दर फेरीला, म्हणजे सेकंदाला अर्ध्याच्या वर वेळा, टोनआर्म वरखाली होतो, आणि कपलिंगचे कपॅसिटर मोठे ठेवले असतील तर तेही अकरापट होऊन वूफरला जातं. आवाज काहीच नाही, कोन मात्र आतबाहेर. म्हणून सबसॉनिक फिल्टर टोन कंट्रोलच्या आधी लावा, नाहीतर हा स्टेज आधीच भरून जातो. ±१५ व्होल्टवर ऑप-अँप साधारण १३ व्होल्ट पीकला कापायला लागतो, २० हर्ट्झला एक व्होल्ट आरएमएस आत दिला तर बाहेर साडेनऊ आरएमएस, पीक साडेतेराच्या जवळ. झालं, क्लिपिंग. पॉवर अँपला तर दहापट व्होल्टेज म्हणजे शंभरपट पॉवर मागताय.

ट्रेबल, दोन मिनिटांत. दोन्ही बाजूंना ३.३ के आणि ४.७ नॅनो सिरीजमधे, बासचा वायपर १० के मधून व्हर्च्युअल अर्थला. वरच्या टोकाला बासचा पॉट कपॅसिटरने शॉर्ट झालेला असतो, तेव्हा त्या तीन १० के चं स्टार-डेल्टा केलं की इनपुटकडून ३० के दिसतात. गेन १ अधिक ३० भागिले ३.३, साधारण १०, म्हणजे २० डीबी. चढ १ किलोहर्ट्झला सुरू, १० किलोहर्ट्झला वळण, तिथे १७ मिळतात, २० किलोला १९. ट्रेबलचा पॉट ५०० के च्या आसपासचा लागतो, १०० के लावलात तर दुसरी बाजू यात लुडबुड करते आणि रेंज घटते.

इथे जुना ७४१ लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका लावू. त्याचा स्ल्यू रेट अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे २० किलोहर्ट्झला ४ व्होल्ट पीकच्या वर साइन वेव्ह त्रिकोणी व्हायला लागते. त्यात बूस्टला नॉइज गेन ११ च्या घरात गेल्यावर तिथे फीडबॅकसाठी उरतं ते साडेचारपट, त्यात डिस्टॉर्शन काय कमी होणार.

कट राहिला. इनपुट आणि फीडबॅकची अदलाबदल, त्यामुळे आकडे तेच, फक्त उणे. १०० हर्ट्झला उणे ११, १० किलोला उणे १७. हो, घड्याळ दिसतंय मला. उद्या घरी जाऊन एवढंच करा, इनपुटला १०० मिलिव्होल्ट द्या, बास टोकाला नेऊन १०० हर्ट्झवर ३६५ च्या आसपास वाचा, ट्रेबल टोकाला नेऊन १० किलोवर ७००. बास बरोबर आणि ट्रेबल कमी आलं तर आधी पॉट किती के चा लावलाय ते बघा, दोन्ही कमी आले तर कपॅसिटरला हात लावू नका, मागे वायपर कुठे जोडलाय ते बघा.