पाळीच्या आधीचे सात दिवस आणि नंतरचे सात दिवस

(ठाण्यात नौपाड्यातील महिला मंडळासमोर एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

व्याख्यान ठरल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय, "डॉक्टर, पाळीच्या आधी माझी फार चिडचिड होते. मला पीएमडीडी असेल का?" बहुतेकींना नसतं. पाळी जवळ आली की छाती जड होते, पोट फुगतं, कुकरची शिट्टीही नकोशी वाटते. तरी डबे भरले जातात, ऑफिसला जाणं होतं, आणि आपणच म्हणतो, आता येईल एक-दोन दिवसांत.

पीएमडीडी, म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, हा यापुढचा आजार. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला २०१३ साली स्वतंत्र स्थान मिळालं. ११ लक्षणांपैकी किमान पाच हवीत. त्यातलं निदान एक तरी मनाचं हवं: मूड क्षणात बदलणं, तीव्र चिडचिड किंवा भांडणं, उदासी-हताशपणा, किंवा प्रचंड ताण-अस्वस्थता. त्यामुळे काम किंवा नाती विस्कटायला हवीत. आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत हे सगळं ओसरायला हवं. माझ्या मते निदानाची सगळी मदार या ओसरण्यावर आहे.

ते तपासायला रोजची नोंद लागते, तीही किमान दोन पाळीचक्रांची. आठवणीवर विसंबता येत नाही, कारण पाळी आली की मागची भांडणं आपण तिच्या खात्यावर टाकतो. महिन्याच्या मधल्या भांडणाला मात्र कोणी पाळीशी जोडत नाही.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बत्तीस वर्षांची बाई, घोडबंदर रोडला राहणारी, ऐरोलीत नोकरी. दर महिन्याला काही दिवस ट्रेनमध्ये रडू यायचं. दोनदा राजीनामा लिहिला आणि पाळी आल्यावर खोडून टाकला. मी तिला डीआरएसपी नावाचा तक्ता दिला. रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येक लक्षणाला १ ते ६ गुण द्यायचे. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे अतिशय तीव्र. रक्तस्राव कोणत्या दिवशी झाला तेही लिहायचं. राहून गेलं तर रकाना रिकामा ठेवायचा. रविवारी बसून आठवड्याभराचे आकडे भरले, तर ती पुन्हा आठवणच झाली.

वाचताना दोन तुकडे बघायचे. एक, पाळीच्या आधीचे सात दिवस, पाळी आल्यावर उलटे मोजलेले. दुसरा, पाळीच्या चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंतचा. तिच्या चिडचिडीचे आधीचे गुण होते ३, ४, ५, ५, ६, ५, ४, सरासरी सुमारे ४.६. नंतरचे २ आणि मग सलग १, सरासरी सुमारे १.१. फरक जवळजवळ साडेतीन. १ ते ६ या पट्टीची लांबी पाच, म्हणून हा फरक झाला ६९ टक्के. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत तो किमान ३० टक्के हवा, आधीच्या आठवड्यात किमान दोन दिवस ४ किंवा अधिक गुण हवेत, आणि नंतरच्या आठवड्यात एकही दिवस ३ च्या वर जायला नको. तिच्या पाच लक्षणांनी दोन्ही महिन्यांत हे पार केलं.

दुसऱ्या एका बाईंचा तक्ता पहिल्या नजरेला असाच होता. पाळीच्या आधी उदासी ५-६ वर. पण नंतरच्या आठवड्यातही ती ४ च्या खाली येत नव्हती. हे पीएमडीडी नाही. नैराश्य महिनाभर होतंच, पाळीआधी ते वाढत होतं. त्यामुळे उपचार नैराश्याचे करावे लागतात. दोघींनी सांगितलेली कहाणी मात्र जवळजवळ सारखी होती.

"मग रक्ताची तपासणी का नाही?" असं एका काकांनी विचारलं. कारण या बायकांच्या हार्मोन्सची पातळी सहसा नॉर्मलच असते. त्यांचा मेंदू त्या नॉर्मल चढउतारांना वेगळा प्रतिसाद देतो. थायरॉइड वगैरे आपण तपासतो, ते दुसरं काही कारण सुटू नये म्हणून. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तक्त्यावर तेही लिहा, कारण त्यांनी चित्र बदलतं.

एक अपवाद आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन महिने तक्ता भरत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. उपचार थांबवून निदानाची वाट बघण्यात अर्थ नाही.

त्या ऐरोलीच्या बाईंना आम्ही नैराश्यातही वापरल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातलं औषध दिलं. नैराश्यात या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पीएमडीडीत तो बहुधा काही दिवसांतच दिसतो. म्हणून काहींना ते पाळीआधीचे साधारण दोन आठवडेच घेता येतं. अर्थात डॉक्टर ठरवतील तसंच, मैत्रिणीची गोळी घेऊन नाही. तक्ता मात्र आम्ही बंद केला नाही. औषध सुरू केल्यानंतरचे पाळीआधीचे सात दिवस औषधापूर्वीच्या तशाच सात दिवसांशेजारी ठेवले, की डोस पुरतोय का हे तिला आणि मला दोघींनाही दिसतं.