अंतरपाटाच्या अलीकडे कोण उभं राहणार?

[पडद्यावर: अंतरपाट. कापडामागे दोन सावल्या. अक्षतांचा आवाज.]

लग्नात एक क्षण असा असतो की सगळा मांडव गप्प होतो. अंतरपाट धरलेला असतो, लोकांच्या मुठीत अक्षता असतात आणि सगळ्यांचे कान एकाच माणसाच्या तोंडाकडे लागलेले असतात. तो "सावधान" म्हणेल तेव्हाच अक्षता पडायच्या. हा माणूस कोण असावा, यावरून एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्यात भांडणं झाली, गावात वाळीत टाकण्याच्या धमक्या आल्या आणि एक प्रकरण थेट मुंबईच्या हायकोर्टात जाऊन पोचलं.

आज गोष्ट सांगायची आहे ती या भांडणाची.

[पुण्याच्या जुन्या पेठांची चित्रं.]

24 सप्टेंबर 1873. जोतीराव फुले आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाचं म्हणणं अगदी घरगुती भाषेतलं होतं. आईला हाक मारायला किंवा बापाची समजूत काढायला कुणी दलाल लागत नाही, मग देवाची भक्ती करायला मध्ये भट कशाला? हे वाक्य ऐकायला सोपं आहे. पण ते खरं मानलं तर बारसं, लग्न, श्राद्ध, वास्तुशांत या सगळ्याची घडी विस्कटते. फुल्यांना ती विस्कटायचीच होती.

तीन महिन्यांत त्यांनी ते करून दाखवलं. 25 डिसेंबर 1873 रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचं लग्न भटाशिवाय लागलं. खर्च बेताचा, आणि तोही सावित्रीबाईंनी उचलला.

तारखेकडे जरा लक्ष द्या. त्याच सुमारास, म्हणजे 1873 च्या अखेरीस, पुण्यात आणखी एक लग्न झालं. महादेव गोविंद रानडे यांचं. पहिली बायको वारली होती. रानडे विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते, प्रार्थना समाजातलं मोठं नाव. सगळ्यांना वाटत होतं, आता हे विधवेशीच लग्न करणार. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या रमेशी त्यांचं लग्न झालं. पुढे याच रमाबाई रानडे स्वतःच्या कर्तृत्वानं मोठ्या झाल्या, ती गोष्ट वेगळी.

रानड्यांना दोष द्यायला हे सांगत नाही. त्यांची अडचण खरी होती. प्रार्थना समाजाची मंडळी देवळाबाहेर एकेश्वरी प्रार्थना करायची, मूर्तिपूजा आणि जातिभेद बरोबर नाही असं मानायची, पण घरातल्या संस्काराची दोरी वडिलांच्या, काकांच्या, कुलोपाध्यायाच्या हातात असायची. मत बदलणं सोपं होतं, मुहूर्त बदलणं अवघड. फुल्यांनी नेमका मुहूर्तालाच हात घातला.

[पुण्याचा रस्ता. गर्दीचा आवाज.]

या दोन वाटांच्या मधून तिसरी वाट 1875 मध्ये पुण्यात आली. स्वामी दयानंद सरस्वती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी मुंबईत आर्य समाज स्थापन केला होता. पुण्यात त्यांची व्याख्यानं झाली, शेवटी मिरवणूक निघाली. सनातनी मंडळींनी थट्टेसाठी गाढवाची वरात काढली आणि नाव ठेवलं गर्दभानंद. मिरवणुकीच्या संरक्षणाला फुले आपली माणसं घेऊन आले. रानडेही होते. एकाच रस्त्यावर तिघं चालत होते खरे, पण ग्रंथाच्या अधिकाराबद्दल तिघांचं तीन प्रकारचं मत होतं. दयानंद म्हणत, वेद प्रमाण, पुराणं नव्हेत, आणि वर्ण जन्मावर नाही, गुणकर्मावर ठरावा. म्हणजे ग्रंथाची सत्ता तशीच ठेवायची, फक्त वाचणारा बदलायचा. फुले म्हणत, वेदसुद्धा माणसांनीच रचलेले, आणि तेही आपल्या सोयीचे. मग प्रमाण कोणतं? फुल्यांचं उत्तर होतं, निर्मिकानं, म्हणजे जग घडवणाऱ्यानं, सगळ्यांना सारखी दिलेली बुद्धी आणि सत्य.

[खेडं. ओतूरची वाट, मांडवी नदी.]

आता ओतूरला जाऊ. जुन्नर तालुक्यातलं हे गाव. मांडवी नदीच्या काठावर चैतन्यस्वामींची समाधी आहे, त्यामुळे वारकऱ्यांना ते ठाऊक आहे.

ओतूरचं भांडण समजायचं तर आधी ग्रामजोशी समजायला हवा. आपल्या डोळ्यांसमोर भटजी म्हणजे एक विद्वान, किंवा निदान पाठांतर असलेला माणूस येतो. पण गावचा जोशी त्याहून जास्त काहीतरी होता. तो वतनदार होता. पंचांग सांगणं, मुहूर्त काढणं, लग्न लावणं हे त्याचं काम, आणि त्याबदल्यात बलुतं आणि दक्षिणा हा त्याचा हक्क. हा हक्क बापाकडून मुलाकडे जायचा. भावाभावांत वाटणी व्हायची, मग पाळी ठरायची. म्हणजे गावातली लग्नं ही जोशाच्या दृष्टीनं जमिनीसारखीच मिळकत होती.

आणि इंग्रजी कोर्टानं ही मिळकत मान्य केली. इथेच सगळ्या गोष्टीची गंमत आहे, किंवा खरं तर गंमत नाही. यजमानानं गावच्या वतनदार जोशाला डावलून दुसऱ्या भटाकडून लग्न लावून घेतलं, तर जोशी आपल्या दक्षिणेसाठी दावा लावू शके, आणि मुंबईच्या हायकोर्टानं असे दावे उचलून धरले होते. शास्त्र काय सांगतं, हा प्रश्न कोर्टाच्या दृष्टीनं दुय्यम होता. मिळकत बुडाली का, एवढंच पाहायचं. ब्राह्मणाचा धार्मिक अधिकार अशा तऱ्हेनं दिवाणी हक्क होऊन बसला.

फुल्यांना हे नेमकं कळलं होतं. 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात ते एका शेतकऱ्याचं आयुष्य घेतात आणि बाळ पोटात असल्यापासून ते मेल्यानंतरच्या श्राद्धापर्यंत कुठल्या निमित्तानं किती हात पुढे येतात, ते एकामागोमाग एक सांगत जातात. वाचताना वाटतं, सावकाराची वहीच उघडली आहे. देवाधर्मावरची टीका करताना हिशेब मांडायचा, ही त्यांची पद्धत. तिच्यामुळेच कुणब्या-माळ्यांना त्यांची टीका पटकन कळली.

[कोर्टाचे कागद. मोडी अक्षर.]

ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न भट न बोलावता लावलं. जोशांनी दावा लावला. प्रकरण वर चढत मुंबईच्या हायकोर्टात गेलं. कायद्याच्या पुस्तकांत ते 'वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील' या नावानं आजही सापडतं.

प्रश्न आता आधीच्या खटल्यांहून वेगळा होता. पाटलांनी दुसरा भट आणलेला नव्हता. त्यांनी भटच आणला नव्हता. मग जोशाचं गिऱ्हाईक पळवलं कुणी? निकाल पाटलांच्या बाजूनं गेला. लग्न पुरोहिताशिवाय लागलं असेल, तर न केलेल्या कामाची दक्षिणा जोशाला मागता येणार नाही.

सत्यशोधकांनी या निकालाचा गाजावाजा केला, आणि तो योग्यच होता. पण निकाल नीट वाचला तर त्याची मर्यादा दिसते. जोशाचं वतन बुडालं नव्हतं. उद्या कुणी आपल्या जातीतल्या शिकलेल्या माणसाला पुरोहित म्हणून उभं केलं, तर भांडण पुन्हा कोर्टात जाण्याची वाट मोकळीच होती.

भटाशिवायचा विधी म्हणजे काय, हे ठरवून ठेवणंही गरजेचं होतं. फुल्यांनी 1887 मध्ये मंगलाष्टकांसह सगळ्या पूजाविधींची एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यातली मंगलाष्टकं बारकाईनं बघण्यासारखी आहेत.

[अंतरपाट पुन्हा. या वेळी दोन्ही बाजूंचे चेहरे दिसतात.]

चाल जुनीच आहे, शार्दूलविक्रीडित. म्हातारीकोतारी माणसं कानानं ओळखतील, हे मंगलाष्टकच आहे. बदललं आहे ते बोलणारं तोंड. इथे भट बोलत नाही. नवरा बोलतो, मग नवरी बोलते, आणि मग पुन्हा नवरा. नवरी सांगते की आम्हा बायकांना स्वातंत्र्याची ओळखच कधी झाली नाही, तेव्हा स्त्रीला तिचे हक्क देईन अशी आण घ्या. नवरा सगळ्यांच्या देखत तसं वचन देतो. मग अक्षता पडतात.

फुल्यांची ही फार चतुर खेळी आहे, असं मला वाटतं. नवीन चाल आणली असती तर लोक म्हणाले असते, हे लग्नच नव्हे. सूर ओळखीचा ठेवला, म्हणून मांडव विचकला नाही.

[1926. मुंबईचं कायदेमंडळ.]

जोशी वतनाचा निकाल लागायला मात्र पुढचं शतक उजाडावं लागलं. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांनी 1926 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. ज्याला बोलावलंच नाही त्या पुरोहिताला दक्षिणा देण्याची सक्ती उरली नाही. सीताराम आणि राधाच्या लग्नाला तोवर त्रेपन्न वर्षं झाली होती.

आणि जात? इथे खरं बोललं पाहिजे. भटाशिवाय लागलेली बहुतेक लग्नं जातीतच लागली. माळ्याची मुलगी माळ्याला, कुणब्याची कुणब्याला. दक्षिणा वाचली, सोयरीक तशीच राहिली. फुल्यांच्या स्वतःच्या घरात मात्र वेगळं घडलं. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. 4 फेब्रुवारी 1889 रोजी त्याचं लग्न ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या मुलीशी, सत्यशोधक पद्धतीनं झालं. ससाणे माळी समाजातले.

[चुलीतला विस्तव. हळूहळू अंधार.]

पावणेदोन वर्षांनी, 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे तिरडीपुढचं मडकं, कुणी धरायचं यावरून वाद उभा राहिला. यशवंत दत्तक, त्याचा अधिकार नाही, असं म्हणणारे या वेळी कुणी भट नव्हते, घरचेच भाऊबंद होते. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवं त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं, तिरडीपुढे चालल्या आणि चितेला अग्नी दिला.