व्याजदराच्या दिवशी बॉट थांबवायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

अमेरिकेच्या महागाईचे आकडे वॉशिंग्टनच्या घड्याळात सकाळी साडेआठला जाहीर होतात. त्या क्षणाच्या आसपास ऑर्डर बुक रिकामं होतं, स्प्रेड फाकतो आणि स्टॉपलॉस लावलेल्या भावाला न लागता बऱ्याच खाली लागतो. शांत बाजारासाठी लिहिलेल्या, आपोआप सौदे करणाऱ्या बॉटनं त्या वेळी नवा सौदा करूच नये, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. गाडी अडते ती त्यापुढे, आणि बहुतेक वेळा पहिला घोटाळा वेळेच्याच रकान्यात निघतो.

२०२५ चंच उदाहरण घेऊ. १२ फेब्रुवारीला हे आकडे साडेआठला आले, तेव्हा यूटीसीमध्ये १३:३० वाजले होते. बॉट ज्यावरून थांबतो त्या कॅलेंडरमध्ये कुणी थेट १३:३० लिहून ठेवलं. पुढे ९ मार्चला अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे गेली. १२ मार्चचे आकडे स्थानिक वेळेनं साडेआठलाच आले, पण यूटीसीमध्ये ते १२:३० झाले. बॉट १३:१५ ला अगदी शिस्तीत थांबला, पण तोवर आकडे येऊन पाऊण तास झाला होता. लॉगमध्ये चूक दिसत नाही, ‘पॉझ यशस्वी’ अशीच नोंद असते. युरोपची घड्याळं त्या वर्षी ३० मार्चला बदलली, त्यामुळे मधले तीन आठवडे दोन्ही खंडांमधलं नेहमीचं अंतरही बदललेलं होतं. म्हणून नोंदीत स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव ठेवायचं, आणि यूटीसी दर वेळी प्रोग्रामनं काढायची:

```
id: us-cpi-2025-03-12
local_time: 2025-03-12T08:30
tz: America/New_York
before_min: 15
after_min: 30
status: confirmed
checked_at: 2025-03-12T06:00Z
```

फेडच्या व्याजदराला मात्र आधी १५ आणि नंतर ३० मिनिटं थांबण्याची ही खिडकी पुरत नाही. निवेदन दुपारी दोनला येतं आणि अध्यक्षांची पत्रकार परिषद अडीचला सुरू होते. अडीचला बॉट सुरू केलात, तर तो बरोबर दुसऱ्या हेलकाव्यात उतरतो. दोन्ही मिळून एकच खिडकी धरावी. पावणेदोन ते साडेतीन ही वेळ मला रास्त वाटते. युरोपियन सेंट्रल बँकेचंही तसंच आहे, तिथे निर्णय फ्रँकफर्टच्या घड्याळात दुपारी सव्वादोनला आणि पत्रकार परिषद पावणेतीनला असते.

आता ‘थांबणं’ म्हणजे काय ते पाहू. प्रोग्राम बंद करणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण मग आधीच्या ऑर्डरी बाजारात तशाच राहतात आणि त्या लागल्या तरी कुणाला पत्ता नसतो. प्रोग्राम चालू राहावा, त्यानं फक्त नवे सौदे बंद करावेत आणि सौद्यात शिरण्यासाठी लावून ठेवलेल्या ऑर्डरी रद्द कराव्यात. इथे ‘सगळं रद्द’ ही एकच कमांड वापरण्याचा मोह होतो. तिच्याबरोबर उघड्या पोझिशनचा स्टॉपलॉसही जातो, आणि नेमक्या त्या क्षणी पोझिशन उघडी पडते. प्रत्येक ऑर्डरवर ती शिरण्याची की संरक्षणाची अशी खूण हवी, आणि रद्द फक्त पहिल्या प्रकारच्या व्हाव्यात. रद्द करण्याची विनंती गेली म्हणजे ऑर्डर रद्द झाली असंही नाही. घटनेला दोन मिनिटं उरली असताना उरलेल्या ऑर्डरींची यादी ब्रोकरकडून पुन्हा मागवावी. एखादी शिल्लक दिसली, तर माणसाला सूचना जावी.

पुन्हा सुरू करताना मधल्या काळात साठलेले सिग्नल टाकून द्यावेत, ते शिळे असतात. नुसत्या घड्याळावर भिस्त ठेवू नये. खिडकी संपल्यावरही स्प्रेड त्या वेळच्या नेहमीच्या मध्यकाच्या दुपटीच्या आत सलग पाच मिनिटं टिकला, तरच दार उघडावं.

कॅलेंडर एकदा भरून विसरण्याची चीज नाही. २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं तेव्हा सप्टेंबरचे महागाईचे आकडे १५ ऑक्टोबरऐवजी २४ ऑक्टोबरला आले, आणि ऑक्टोबरचे ठरल्याप्रमाणे आलेच नाहीत. जुन्या फाइलवर चालणारा बॉट १५ तारखेला उगाच थांबला असता आणि २४ ला बेधडक चालू राहिला असता. त्यामुळे आकडे काढणाऱ्या संस्थेच्या मूळ वेळापत्रकाशी रोज ताळा हवा. `checked_at` चोवीस तासांपेक्षा जुनं झालं, तर नवे सौदे आपोआप बंद. रिकामी फाइल आणि निवांत आठवडा बॉटला सारखेच दिसतात, म्हणून पुढच्या ४० दिवसांत अमेरिकी महागाईची एकही नोंद नसेल, तर तेही बिघाडच समजावं. २०२५ च्या शरदात ही तपासणी वाजली असती, आणि वाजायलाच हवी होती.

ठरल्याबाहेरच्या निर्णयांपुढे मात्र कॅलेंडरचा इलाज चालत नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेनं युरोसमोरची १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढली. १५ मार्च २०२० ला फेडनं रविवारी दर शून्याजवळ आणला, आणि १७-१८ मार्चची ठरलेली बैठक झालीच नाही. अशा दिवसांसाठी स्प्रेड आणि भावाच्या वेगावर चालणारं वेगळं कुलूप लागतं, आणि ते कॅलेंडरची फाइल न वाचताही लागलं पाहिजे.