प्रिन्सेस कटवर इस्त्री: हॅमवरून कापड लगेच उचलू नका!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय. "ताई, प्रिन्सेस कट नीट शिवला, टीपही सरळ आहे, तरी छातीवर चुणी पडते. कटिंग चुकलं का?" बहुतेक वेळा कटिंग चुकलेलं नसतं, इस्त्री चुकलेली असते.

मूळ गोष्ट पटकन सांगते. शिवणकामात इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची असते. ठेवा, दाबा, उचला, पुढे ठेवा. फिरवली की तिरप्या भागातलं कापड ताणलं जातं आणि गोलाईची टीप लाटांसारखी होते. हे तुम्हाला माहीत असेलच, पुढे चला.

आज घेतलाय रॉ सिल्कचा ब्लाऊज, आत सुती अस्तर. मधला भाग आणि बाजूचा भाग जोडून झालाय. आता दोन वस्तू बघा. ही अंड्याच्या आकाराची टणक उशी म्हणजे टेलर्स हॅम. आत लाकडाचा भुसा ठासून भरलेला असतो. एका बाजूला सुती कापड, दुसऱ्या बाजूला लोकरीचं. सुती बाजू जास्त तापमानाला आणि लोकरीची बाजू वाफ धरून ठेवायला. दुसरी वस्तू प्रेस क्लॉथ, म्हणजे इस्त्री आणि आपलं कापड यांच्यामध्ये घालायचं पांढरं मलमल, साधारण ४० सेंटीमीटर चौरस. नवं मलमल दोनदा धुवून घ्या, नाहीतर त्यातली खळ इस्त्रीला चिकटते आणि तिथून तुमच्या सिल्कवर येते. रंगीत कापड नकोच, त्याचा रंग लागतो.

आता कामाला लागू. आधी टीप आहे तशीच, मार्जिन न उघडता, उलट्या बाजूने दाबा. यात दोरा कापडात बसतो. ही पायरी सगळे गाळतात.

मग मार्जिन. एका ताईंनी लिहिलंय, "पुढे उसवायला लागेल म्हणून मी एक इंच ठेवते." ताई, उसवायची जागा बगलेखालच्या बाजूच्या शिलाईत ठेवा. छातीच्या गोलाईवर एक इंच मार्जिन कधीच सपाट बसणार नाही, तिथे १ सेंटीमीटर पुरे. त्यातही अस्तराचं मार्जिन आणखी थोडं कमी कापा, म्हणजे सगळे थर एकाच कडेवर संपत नाहीत आणि सुलट बाजूला जाड रेघ उठत नाही.

आता कट. मधल्या भागाच्या मार्जिनला साधे कट, कारण उघडल्यावर त्याला पसरायचंय. बाजूचा भाग बाहेर फुगलेला असतो, उघडल्यावर त्याचं मार्जिन एकावर एक चढतं, म्हणून तिथे छोटे त्रिकोण कापून काढायचे. दोन्हीकडचे कट समोरासमोर येऊ देऊ नका, नाहीतर तिथे शिलाई कमजोर होते. टिपेपासून ३ मिलिमीटर आधी थांबा. छातीच्या टोकाच्या वर-खाली ५ सेंटीमीटरपर्यंत साधारण दर सव्वा सेंटीमीटरला एक कट, त्यापुढे फारशी गरज नाही.

(कॅमेरा जवळ) आता हॅम. ब्लाऊज उलटा करून छातीचा फुगा हॅमच्या रुंद टोकावर बसवा. कापडाखाली बोट घालून बघा, कुठे पोकळी आहे का? पोकळी असेल तर हॅम फिरवा, आपल्या गोलाईशी जुळणारी जागा शोधा. कापड ओढून बसवू नका. मार्जिन बोटांनी उघडा, त्याच्या कडांखाली दोन्हीकडे खाकी कागदाची पट्टी सरकवा, म्हणजे कडांचा ठसा सुलट बाजूला उमटत नाही. वर मलमल. इस्त्री सिल्कच्या खुणेवर, आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर बघून. इस्त्रीचं टोक टिपेवर ठेवा, चार-पाच आकडे मोजा, उचला.

बसलं नाही तर मलमल अगदी घट्ट पिळून, जवळजवळ कोरडं करून वापरा, तेही तुकड्यावर बघून. सिल्कवर पाण्याचा थेंब पडला की डाग राहू शकतो. घोडबंदर रोडवर टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांमधल्या मंडळींनी ते पाणी स्टीम इस्त्रीत घालू नये. जड पाण्याचे क्षार भोकांत साचतात आणि एक दिवस पांढरे ठिपके होऊन ब्लाऊजवर पडतात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा व्हिडिओ आहे. इस्त्री उचलली की ब्लाऊज उचलू नका! तिथेच राहू द्या. उष्णतेने आणि ओलाव्याने धागा सैल पडतो, आणि थंड होताना, वाळताना ज्या आकारात असेल तो आकार धरतो. गरम कापड हॅमवरून काढून टेबलावर टाकलंत, तर त्याने टेबलाचा आकार धरला. हॅमवरची सगळी मेहनत वाया.

"पण मी तर हॅम वापरते, तरी चुणी येते," असं लिहिणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न: किती वेळ ठेवता? तळहात लावून बघा. कोमट लागतंय म्हणजे अजून झालं नाही, गारवा लागतोय म्हणजे ओलावा शिल्लक आहे. दोन-तीन मिनिटं तरी द्या. ठाण्यातल्या पावसाळी हवेत जास्त लागतील, पंखा लावा. हवं तर वर लाकडाचा गुळगुळीत ठोकळा दाबून धरा, तो वाफ आणि उष्णता शोषून घेतो आणि शिलाई चापून बसते.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? ब्लाऊज अलगद उचलून मुठीवर ठेवा. फुगा स्वतःहून उभा राहिला तर जमलं. टोकाशी खळगा किंवा आडवी घडी दिसली, तर गरम असताना हललं होतं. पुन्हा हॅमवर घ्या, पुन्हा दाबा, आणि या वेळी गार होईपर्यंत हात लावू नका.

"हॅमऐवजी उशी चालेल का?" नाही, मऊ असते, दाबली की खाली जाते आणि कापडाला आधार राहत नाही. टॉवेल घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधा, तो चालेल. सुताराकडचा भुसा आणून हॅम घरी करणार असाल तर भुसा चाळून, उन्हात खडखडीत वाळवून भरा. ओला भरलात तर जुलैत बुरशीचा वास येणार.

पारदर्शक असल्यामुळे ऑर्गेन्झाचा प्रेस क्लॉथ छान, खालची टीप दिसते. पण तो खऱ्या रेशमाचाच हवा. बाजारात बहुतेक पॉलिएस्टरचा मिळतो, तो इस्त्रीखाली वितळेल. एक धागा जाळून बघा: केस जळल्यासारखा वास आणि चुरणारी राख म्हणजे रेशीम, टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. जरीच्या काठालाही हेच लागू. आजची बरीच जरी प्लास्टिकवर चढवलेली असते, तेव्हा उलट बाजूने, कोरडं मलमल ठेवून, सगळ्यात कमी आचेवर. आणि वेलवेटवर इस्त्री टेकवूच नका. खाली वेलवेटचाच तुकडा लव वर करून ठेवा, ब्लाऊज त्यावर सुलट बाजू खाली करून ठेवा, वरून नुसती वाफ द्या आणि मार्जिन बोटांनी उघडा.

बाहीच्या गोलाईबद्दल विचारलेल्यांसाठी पुढचा व्हिडिओ. तिथे हॅमचं अरुंद टोक लागतं, ते हाताशी ठेवा.