रोजनाम्यातली गैरहजेरी

तालुक्याच्या कोर्टाबाहेर, लिंबाखाली बसलेल्या या मावशी. वडिलांच्या जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून त्यांनी भावाविरुद्ध वाटपाचा दावा लावला. वकिलांना चाळीस हजार रुपये दिले. पंचवीस हजार रोख, पावतीशिवाय, आणि पंधरा हजार फोनवरून. पहिल्या चार तारखांना वकीलसाहेब आले. पुढे फोनच घेईनात. कारकून म्हणायचा, "तुम्ही येऊ नका, नुसती तारीख पडते."

एके दिवशी भाचीने मोबाइलवर केस उघडून पाहिली. दावा गैरहजेरीत काढून टाकला होता.

अशा वेळी माणूस रागाने आधी वकिलाविरुद्ध तक्रार लिहायला बसतो. पण ती तक्रार ऐकणारी वकिलांची संस्था, बार कौन्सिल, दावा परत लावून देत नाही. दावा परत लावण्याचा अर्ज त्याच कोर्टात, निकालापासून तीस दिवसांच्या आत करायचा असतो. मावशींचे तीस दिवस उलटले होते, म्हणून नव्या वकिलांनी सोबत विलंबमाफीचा अर्जही जोडला. जुने वकील कागद अडवून बसले होते. थकलेल्या फीसाठीसुद्धा पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलेलं आहे.

मग तक्रार. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याचं कलम ३५. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, मुंबईला जाते. "वकिलाने फसवलं" एवढ्यावर ती टिकत नाही. वकील बहुधा म्हणतात, पक्षकारच भेटायला येत नव्हता, फी बाकी होती. त्याला उत्तर कागदानेच द्यावं लागतं. वकीलपत्राची नक्कल, पंधरा हजारांची बँकेतली नोंद, "साहेब, तारखेला येताय ना?" असे मावशींनी पाठवलेले मेसेज. रोख पंचवीस हजारांचा मात्र पुरावा नाही, आणि तिथे त्यांची बाजू लंगडी आहे.

वकिलांचा खुलासा मागवला जातो. तथ्य दिसलं तर प्रकरण तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. तिथे साक्ष होते, उलटतपासणीही होते. वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. दोष सिद्ध झाला तर ताकीद, काही काळ सनद निलंबित किंवा वकिलांच्या यादीतून नाव कमी.

काम सोडताना न केलेल्या कामाची फी परत करावी, असा वकिलांसाठी नियम आहे. तक्रारीत तो जरूर लिहावा. पण कलम ३५ मधल्या शिक्षांत फी परत देणं नाही. ग्राहक मंचाचा रस्ता १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला. पैशांसाठी उरतो दिवाणी दावा. आधीच कोर्टाने दमवलेल्या माणसाला हे सांगताना जीभ जड होते.

नक्कल विभागाच्या खिडकीतून मावशींच्या हातात रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारखेवार कामकाजाच्या नोंदीची, सही-शिक्क्याची प्रत येते. भाची वाचून दाखवते. एका तारखेला, पुढच्या तारखेला, त्याच्याही पुढच्या तारखेला तीच ओळ: "वादी व वादीचे वकील पुकारले असता गैरहजर."